प्रकल्प नोंदी: ‘शेवटच्या उसाला पाणी कमी का?’ – ठिबकावरचा शेतात चित्रित केलेला व्हिडिओ

6 जानेवारी – विषय अरुंद केला

निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी या पट्ट्यातल्या ऊसकऱ्यांसाठी ठिबकावर एक व्हिडिओ करायचा आहे. पहिल्या टिपणात बसवणी, खत, गाळण, अनुदान असे सगळेच होते. ते सगळे काढले. एका व्हिडिओत एकच प्रश्न घ्यायचा: सरीच्या सुरुवातीचा ऊस हिरवागार आणि टोकाचा पिवळट, खुरटा, असे का होते आणि ते शेतकऱ्याने स्वतः कसे ओळखायचे.

हा प्रश्न निवडायचे कारण असे. टोकाला पाणी कमी दिसले की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो, मोटर जास्त वेळ चालवायची. त्याने टोकाचे भागते, पण सुरुवातीच्या उसाला दुप्पट पाणी जाते. काळ्या रानात तिथे मुळाजवळ हवाच उरत नाही आणि घातलेले खत खाली निघून जाते. पाणी कमी पडण्याचे कारण नळीत असते आणि उपाय मोटरवर होतो. व्हिडिओ या चुकीच्या जोडीवरच बोलेल.

लांबी सात मिनिटांच्या आत. लोक तो व्हॉट्सॲपवर, बांधावर उभे राहून बघणार आहेत.

9 जानेवारी – प्लॉट

चिकोडी तालुक्यातला एक प्लॉट ठरला. मालकांना सगळे काका म्हणतात, नोंदींतही तेच नाव ठेवतो. ऑक्टोबरची पूर्वहंगामी लागण आहे, त्यामुळे ऊस अजून गुडघ्याच्या वर आहे आणि नळी कॅमेऱ्याला दिसते. आडसाली उसात शिरलो असतो तर पाचटाशिवाय काहीच दिसले नसते.

मापे मोजून घेतली. एका कॉकवर 20 गुंठे. पाच फुटांच्या सऱ्या, 16 मिमीच्या 30 नळ्या, प्रत्येक 45 मीटर. आत 40 सेंटिमीटरवर एक ड्रीपर, तासाला 4 लिटरचा. म्हणजे एका नळीत साधारण 112 आणि सगळे मिळून सुमारे 3,375 ड्रीपर. सगळे नीट चालले तर या तुकड्याला तासाला साडेतेरा हजार लिटर, मिनिटाला 225 लिटर पाणी लागते. पाणी विहिरीचे, आणि उन्हाळा जवळ आला की विहिरीत बोअरचे सोडतात. नळ्या या रानातल्या तिसऱ्या पिकाला वापरल्या जात आहेत. विहिरीजवळ वाळूचा फिल्टर, नंतर पाण्यात खत ओढून सोडणारी व्हेंचुरी, नंतर जाळीचा फिल्टर.

45 मीटर ही लांबी आमच्या कामाची आहे. 16 मिमीच्या नळीवर असे ड्रीपर असताना सपाट रानात 50 मीटरपर्यंत टोकाला पाणी ठीक पोचते. बांध काढून दोन तुकडे एक केले आणि नळीला जॉइनर लावून ती 80 मीटर केली, तर नळी कोरी असली तरी टोकाचा ड्रीपर साधारण पाव हिश्श्याने कमी देतो. असा प्लॉट असता तर घाण धुऊन काहीच साधले नसते. म्हणून निवेदनात पहिला प्रश्न ‘तुमची नळी किती लांब आहे?’ हाच ठेवला.

11 जानेवारी – संहितेचा क्रम आणि भाषा

क्रम ठरला: मोजा, दाब बघा, टोक उघडून घाण बघा, धुवा, पुन्हा मोजा, आणि तरी कमी असेल तरच आम्ल. हा क्रम हलवायचा नाही. आम्ल मातीवर काही करत नाही. ते फक्त क्षार विरघळवते. नळीत गाळ असताना आम्ल सोडले तर पैसे जातात, गाळ तसाच राहतो, आणि शेतकरी म्हणतो, ‘आम्ल घातलं, काही फरक पडला नाही.’

भाषेचा नियम साधा आहे. जी वस्तू कॅमेऱ्यासमोर हातात धरता येते तिचेच नाव घ्यायचे. व्हॉल्व्हला ‘कॉक’, लॅटरलला ‘नळी’, एंड कॅपला ‘टोपी’. दाबाचा आकडा नुसता सांगायचा नाही, घड्याळाचा काटा जवळून दाखवायचा आणि मग ‘एक किलो’ म्हणायचे. ‘समानता’, ‘विसर्ग’, ‘अवरोध’ हे शब्द संहितेत येणार नाहीत. टक्केवारी एकदाच, शेवटी.

पडद्यावर मराठी अक्षरे कायमची उमटवायची नाहीत. याच चित्रावर कन्नड आवाजही चढवायचा आहे, कारण एकाच पाणंदीवर दोन्ही भाषांची घरे आहेत. म्हणून जे आकडे दाखवायचे ते मापावरचे आणि घड्याळावरचे असावेत, वरून लिहिलेले नसावेत.

15 जानेवारी – पेल्यांचे प्रात्यक्षिक

हा व्हिडिओचा कणा आहे, म्हणून याची नोंद सविस्तर.

तासाला 4 लिटर देणारा ड्रीपर तीन मिनिटांत 200 मिली देतो. तीन मिनिटे आणि 200 मिली, हे दोन आकडे कुणाच्याही लक्षात राहतात. (तासाला 2 लिटरचा ड्रीपर असेल तर तीन मिनिटांत 100.) मापाला फवारणीच्या औषधाबरोबर मिळणारा 100 मिलीचा प्लास्टिक पेला वापरला. तो घरोघरी असतो. फक्त तो साबणाने धुऊन घ्यावा आणि नंतर पिण्याच्या भांड्यांत मिसळू नये, हे वाक्य निवेदनात घातले. पाणी धरायला चहाचे मोठे प्लास्टिक ग्लास, पुढे पेले म्हणतो ते हेच.

जागा सोळा. कॉकजवळची पहिली नळी, एक तृतीयांशावरची, दोन तृतीयांशावरची आणि शेवटची, अशा चार नळ्या. प्रत्येक नळीवर सुरुवात, एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि टोक, असे चार ड्रीपर. ड्रीपर निवडताना चांगला किंवा वाईट बघायचा नाही, पावले मोजून जो येईल तो घ्यायचा.

पेला ठेवताना एक अडचण हमखास येते. ड्रीपरचे पाणी थेंबाथेंबाने खाली पडत नाही, ते नळीच्या पोटावरून घसरत दोन हात पुढे जाऊन टपकते. पेला ड्रीपरखाली असतो आणि पाणी शेजारी पडते, मग मोजणी खोटी येते. त्यावर उपाय म्हणून ड्रीपरच्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना, बोटभर अंतरावर, सुती दोऱ्याचा एकेक वेढा घट्ट बांधायचा आणि दोऱ्यांची टोके पेल्यात सोडायची. पाणी दोऱ्याला अडते आणि दोऱ्यावरून पेल्यात उतरते. नळीखाली खुरप्याने एवढाच खड्डा करायचा की पेला बसेल आणि नळी वर उचलली जाणार नाही. नळी उचलली तर त्याच ड्रीपरचे पाणी उताराने शेजारी धावते. हा जवळचा शॉट दोन बाजूंनी घेतला, कारण इथे हाताची हालचाल दिसली नाही तर पुढचे सगळे आकडे निरर्थक होतात.

थ्री फेज आल्यावर मोटर चालू करून दहा मिनिटे तशीच सोडली. नळ्या भरून दाब स्थिर झाल्यावरच मोजायचे. पेला ठेवला की घड्याळ सुरू, तीन मिनिटांनी पेला बाजूला.

आलेले आकडे, मिलीमध्ये, सुरुवातीकडून टोकाकडे:

पहिली नळी: 204, 198, 186, 150
दुसरी: 200, 196, 178, 132
तिसरी: 198, 190, 170, 112
शेवटची: 196, 188, 160, 82

काकांनी शेवटचा पेला उजेडात धरला आणि म्हणाले, ‘हे निम्मंबी नाही.’ हे वाक्य आवाजासह ठेवायचे.

सोळा पेल्यांची सरासरी 171. सगळ्यांत कमी चार पेले 82, 112, 132, 150, त्यांची सरासरी 119. या 119 ला 171 ने भागले की 70 टक्क्यांच्या जरा खाली येते. 90 च्या वर असेल तर ठिबक उत्तम, 80 ते 90 चांगले, 70 ते 80 कामचलाऊ, आणि 70 च्या खाली गेले की दुरुस्ती केल्याशिवाय गत्यंतर नाही.

टक्केवारीपेक्षा दुसरा हिशोब व्हिडिओत जास्त परिणाम करील. 82 मिली देणारा ड्रीपर तासाला 1.64 लिटर देतो. टोकाच्या उसाला 4 लिटर द्यायचे तर मोटर जवळजवळ अडीच तास चालवावी लागेल. तेवढ्या वेळात पहिल्या नळीच्या सुरुवातीला 10 लिटर पडते. दोन बादल्या शेजारी ठेवायच्या, एकीत 4 लिटर, दुसरीत 10. एवढाच शॉट पुरे, त्यावर बोलायची गरज नाही.

16 जानेवारी – दाब

टोकाला पाणी कमी येण्याची कारणे दोनच गटांत बसतात: पाणी तिथपर्यंत जोराने पोचत नाही, किंवा पोचते पण ड्रीपरमधून बाहेर येत नाही. पेले हा फरक सांगत नाहीत, दाबाचे घड्याळ सांगते.

कॉकनंतर सबमेनवर, म्हणजे नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपवर, काटा 1 किलोवर होता. मग शेवटच्या नळीची टोपी काढून तिथे जॉइनरने दुसरे घड्याळ बसवले. ते 0.9 दाखवत होते. 45 मीटरवर एवढी घट अपेक्षितच आहे. म्हणजे दाब पोचतो आहे आणि तरी त्या नळीच्या टोकाचा ड्रीपर 82 देतो आहे. कारण ड्रीपरमध्येच आहे.

उलट टोकाला काटा अर्ध्या किलोवर आला असता तर ड्रीपरकडे बघण्याआधी नळीची लांबी, वाटेतली गळती, उंदराने कुरतडलेली जागा, अर्धा बंद कॉक आणि फिल्टर, असे मागे मागे जायचे. हे संहितेत दोन वाक्यांत येईल, चित्रीकरण नाही.

ज्यांच्याकडे दुसरे घड्याळ नाही त्यांच्यासाठी पर्याय सापडला: टोपी काढून नळीचे टोक जमिनीला समांतर धरायचे आणि पहिल्या व शेवटच्या नळीची धार किती लांब पडते ते बघायचे. हे अंदाजाचे आहे, हे निवेदनात स्पष्ट म्हणायचे. घड्याळ फार महाग नसते, एक विकत घ्यावे, असेच सुचवायचे.

जाळीचा फिल्टर उघडला. आधी दोन्ही बाजूंचा दाब नोंदवला: आत 1.5, बाहेर 1.1. स्वच्छ जाळीला 0.1 ते 0.2 चा फरक असतो, 0.3 झाला की धुवायची वेळ. जाळी उन्हात धरल्यावर एका कडेला नखाएवढी फट दिसली आणि झाकणाखालचे रबर एका जागी चपटे झालेले होते. गाळ आत जाण्याचा रस्ता हाच. जाळी आणि रबर दोन्ही बदलले. हा शॉट महत्त्वाचा, कारण जाळी धुणारे खूप आहेत, पण ती सूर्याकडे धरून बघणारे फार कमी. फाटकी जाळी कितीही धुतली तरी गाळ सोडतच राहते, आणि फाटलेल्या जाळीवर दाबाचा फरक उलट कमी दिसू शकतो. घड्याळ ‘ठीक’ म्हणते आणि नळ्या भरत जातात.

18 जानेवारी – नळ्या धुणे

क्रम: आधी मेन लाइनचा, मग सबमेनच्या टोकाचा फ्लश कॉक, मग नळ्या. आधी नळ्यांच्या टोप्या काढल्या तर सबमेनमध्ये बसलेला गाळ उठून नळ्यांतच शिरतो. सबमेनचा कॉक उघडल्यावर आधी गढूळ, मग काळसर, मग स्वच्छ पाणी आले. स्वच्छ झाल्यावरही एक मिनिट चालू ठेवले.

नळ्या धुताना गाळ टोकालाच का साठतो हे सांगणे भाग आहे. नळीच्या तोंडाशी सगळ्या 112 ड्रीपरचे पाणी धावत असते, म्हणून तिथे वेग असतो. पुढे प्रत्येक ड्रीपर आपले घेतो आणि टोकाशी पाणी जवळजवळ उभे राहते. उभ्या पाण्यात गाळ बसतो. म्हणूनच पेल्यांचे आकडे टोकाकडे उतरत गेले.

बसलेला गाळ उठवायला टोकाशी पाण्याचा वेग सेकंदाला किमान 30 सेंटिमीटर हवा. हा आकडा शेतात कुणी मोजणार नाही. त्याचे रूपांतर केले: 16 मिमीच्या नळीच्या टोकातून एक लिटरची बाटली 20 सेकंदांच्या आत भरली पाहिजे. जास्त वेळ लागला तर पाणी फक्त वाहते आहे, गाळ जागचा हलत नाही.

याचेच प्रात्यक्षिक केले. सगळ्या 30 टोप्या एकदम काढल्या, तेव्हा शेवटच्या नळीची बाटली 18 सेकंदांत भरली. म्हणजे अगदी काठावर. विहिरीचे पाणी खाली गेले असते तर जमलेच नसते. मग पाच-पाच नळ्या उघडल्या, बाकी बंद. तीच बाटली 6 सेकंदांत भरली, आणि मघाशी स्वच्छ दिसणाऱ्या त्याच नळीतून काळ्या मातीचे गोळे बाहेर पडले. दोन्ही शॉट एकाच जागी, कॅमेरा न हलवता घेतले आहेत. संकलनात ते लागोपाठ ठेवायचे. टोप्या एकदम काढून मोकळे होण्याची सवय या एका दृश्याने मोडावी.

प्रत्येक नळी पाणी स्वच्छ होऊन आणखी अर्धा मिनिट चालू ठेवली. टोपी बसवताना नळी दुमडून आठाच्या आकाराच्या कडीत अडकवली आहे तिथे दुमड ताजी करून घ्यावी लागते, नाहीतर ती तिथे चिरते. टोके जमिनीपासून वर राहतील असे बघितले.

लगेच पेले पुन्हा लावले. टोकाचे चार 150, 132, 112, 82 होते, ते 172, 160, 150, 118 झाले. सोळांची सरासरी 182, खालच्या चारांची 150. भागाकार 82 टक्के. धुण्याने 70 वरून 82 वर आणले, एक रुपयाचे रसायन न घालता. पण शेवटची नळी 118 वरच अडकली आहे.

22 जानेवारी – उरलेली घाण कोणती

शेवटच्या नळीचा टोकाकडचा एक ड्रीपर कापून काढला, नळी उभी चिरली. आत पांढरट, खरखरीत थर. चिकट नाही, वासही नाही.

तीन प्रकार व्हिडिओत बोटांनी दाखवायचे. माती बोटांत चुरते आणि पाण्यात गढूळ होते. शेवाळ, बुरशीचा चिकटा निसटतो आणि कुजका वास येतो, तो नदी-नाल्याच्या किंवा शेततळ्याच्या उघड्या पाण्यात जास्त. क्षार पांढरे, खरखरीत, नखाने टवका निघणारे. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्यात हेच होते: पाण्यात विरघळलेला चुना उन्हाने तापलेल्या नळीत, मोटर बंद झाल्यावर, ड्रीपरच्या अरुंद वाटेत बसतो.

ओळख पक्की करायला घरातला लिंबू वापरला. टवक्यावर लिंबाचा रस पिळला, बारीक बुडबुडे आले. फसफसले म्हणजे चुना, आणि चुन्याला आम्ल लागू पडते. टवका फसफसला नाही तर आम्ल विकत आणण्याआधी खताकडे बघायचे. कॅल्शियमचे खत आणि सल्फेट किंवा फॉस्फेट असलेले खत एकाच टाकीत मिसळले की पांढरा साका बसतो. त्यातला जिप्समसारखा साका आम्लानेही सहज जात नाही.

चिकट्याचा भाग ओझरता ठेवला, त्याला ब्लीचिंग लागते आणि तो वेगळा व्हिडिओ आहे. पण एक इशारा इथेच हवा, मोठ्या आवाजात: आम्ल आणि ब्लीचिंग कधीही एकत्र, एकाच बादलीत किंवा एकाच दिवशी लागोपाठ वापरायचे नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीत गेला तर जिवावर बेततो.

बादलीची चाचणी चित्रित केली. विहिरीचे 10 लिटर पाणी प्लास्टिकच्या बादलीत. बाजारातले 30 ते 33 टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल सुईविना सिरिंजने एकेक मिली टाकायचे, लाकडी काडीने ढवळायचे आणि पीएच कागद बुडवून डबीवरच्या रंगाशी जुळवायचा. सामू, म्हणजे पीएच, 4 येईपर्यंत. या विहिरीला 10 लिटरला 6 मिली लागले. पाणी बदलले की हा आकडा बदलतो. शेजाऱ्याचे प्रमाण चालत नाही, आणि त्याच विहिरीत बोअरचे पाणी सोडल्यावर जानेवारीचे प्रमाण एप्रिलला चालत नाही.

आम्ल हाताळताना दाखवायची खबरदारी: डोळ्याला चष्मा, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, जवळ साध्या पाण्याची भरलेली बादली. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही, कारण उलट केले तर ते उकळून उसळते. निवेदन करणाऱ्याने चष्मा न घालता एकही फ्रेम द्यायची नाही. लोक जे बघतात तेच करतात.

23 जानेवारी – आम्ल सोडले

हिशोब फळ्यावर न करता काकांच्या वहीत केला. पाण्याचा ओघ मिनिटाला 225 लिटर. 15 मिनिटे आम्ल सोडायचे, म्हणजे 3,375 लिटर पाण्याला. 10 लिटरला 6 मिली, तर 3,375 लिटरला साधारण 2 लिटर आम्ल.

व्हेंचुरी 15 मिनिटांत किती ओढते हे आधी साध्या पाण्यावर बघितले. 20 लिटरचा कॅन ठेवून दोन्ही बाजूंचे कॉक थोडे थोडे फिरवत गेलो आणि कॅन 15 मिनिटांत रिकामा होईल तिथे कॉकवर खडूने खूण केली. ही पायरी गाळली तर कॅन पाच मिनिटांत संपतो, आम्लाचा तीव्र लोट पुढे निघून जातो आणि टोकाला पुरेसा वेळ मिळत नाही. किंवा अर्धा तास लागतो आणि सामू 4 पर्यंत उतरतच नाही.

मग प्लास्टिकच्या कॅनमध्ये 18 लिटर पाणी, त्यात हळूहळू 2 लिटर आम्ल. व्हेंचुरी वाळूच्या फिल्टरच्या पुढे आहे, त्यामुळे लोखंडी टाकीतून आम्ल जात नाही. ज्यांची व्हेंचुरी लोखंडी फिल्टरच्या अलीकडे आहे त्यांनी आधी ती जागा बदलावी.

शेवटच्या नळीच्या टोकाच्या ड्रीपरखाली पीएच कागद धरून बसलो. साधारण दहाव्या मिनिटाला रंग बदलायला लागला आणि कॅन संपता संपता 4 च्या रंगाशी जुळला. त्याच क्षणी मोटर बंद. इथे अजून पाच मिनिटे चालवू असे वाटते, पण आता आम्ल नळीत उभे राहायला हवे, जमिनीत जायला नको. नळ्या 24 तास तशाच ठेवल्या.

काकांचा प्रश्न कॅमेऱ्यात आहे: ‘ह्यानं ऊस जळंल काय?’ उत्तर असे दिले: नळीतून आलेले पाणी लिंबूपाण्याहून सौम्य आहे, ते पंधरा मिनिटेच पडले, आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ते लगेच मारले जाते. जळण्याचा धोका कॅनमधल्या आम्लाने आहे, ते उसावर किंवा अंगावर सांडले तर. रान हलके, आधीच आंबट असेल, जसे खानापूरकडच्या तांबड्या डोंगरी जमिनीत, तर आम्ल वारंवार वापरू नये.

24 जानेवारी – धुणे आणि तिसरी मोजणी

पुन्हा सबमेन, मग पाच-पाच नळ्या. पहिल्या लोटाबरोबर पांढरे कण बाहेर आले. ही धुलाई टाळली तर सुटलेले कण पुढच्याच ड्रीपरमध्ये अडकतात आणि आधीपेक्षा वाईट होते.

टोकाचे पेले: 190, 184, 180, 166. सोळांची सरासरी 193, सगळ्यांत कमी चार 166, 180, 184, 188, त्यांची सरासरी 179.5. भागाकार 93 टक्के.

शेवटच्या नळीवर 166 च का, हे तपासले. टोकाचे आणखी काही ड्रीपर मोजले, त्यात एक जवळजवळ बंदच होता. पूर्ण बंद झालेल्या ड्रीपरमधून आम्ल वाहतच नाही, म्हणून ते आत काम करू शकत नाही. हे व्हिडिओत स्पष्ट सांगायचे: आम्ल अर्धवट तुंबलेले ड्रीपर मोकळे करते, मेलेले जिवंत करत नाही. तेवढा नळीचा तुकडा कापून नवा जोडला.

27 जानेवारी – संकलन

मोटरचा आवाज निवेदनावर येत होता, म्हणून बोलण्याचे भाग मोटर बंद असताना बांधावर पुन्हा रेकॉर्ड केले. पेल्यात पाणी पडण्याचा आणि बाटली भरण्याचा मूळ आवाज ठेवला, तिथे संगीत नाही.

तीन मिनिटांची मोजणी अर्थातच कापली, पण घड्याळाची सुरुवात आणि शेवट दोन्ही एकाच फ्रेममध्ये आहेत. बघणाऱ्याला तीन मिनिटे खरेच झाली याची खात्री हवी.

आम्लाचा भाग पाचव्या मिनिटानंतर येतो. कुणी मधूनच कापून फक्त तेवढा पुढे पाठवला तरी त्यात चष्मा, हातमोजे आणि ब्लीचिंगचा इशारा असेल, अशा रीतीने तो भाग स्वतंत्र उभा राहील असा बांधला आहे.

30 जानेवारी – गावात दाखवला

काकांच्या अंगणात शेजारपाजारच्या शेतकऱ्यांना कच्ची आवृत्ती दाखवली. दोन गोष्टी बदलाव्या लागतील.

दोरा बांधण्याचा शॉट लोकांनी थांबवून पुन्हा बघायला मागितला. तो चार सेकंदांनी लांबवायचा आणि बोटे जवळून दाखवायची. दुसरे म्हणजे ‘200 मिली’ ऐकल्यावर एका ताईंनी विचारले, ‘आमचा दोन लिटरचा ड्रीपर हाय, मग आमचं निम्मं म्हणजे बिघडलंय काय?’ 2 लिटरच्या ड्रीपरचा 100 मिलीचा आकडा निवेदनात होता, पण पेला दिसत नव्हता. आता दोन पेले शेजारी दाखवायचे, आणि ड्रीपर किती लिटरचा हे नळीवरच्या छापावरून कसे वाचायचे तेही.

पूर्ण तुकड्याला सोळा पेले लावायला कंटाळा येईल, असेही काहींनी म्हटले. त्यांच्यासाठी छोटी पद्धत शेवटी घातली: महिन्यातून एकदा पहिल्या नळीची सुरुवात आणि शेवटच्या नळीचे टोक, दोनच पेले. टोकाचा पेला सुरुवातीच्या पेल्याच्या पाऊण भागाखाली गेला की पूर्ण सोळा लावायचे.

2 फेब्रुवारी – अंतिम आवृत्ती आणि उरलेली कामे

मराठी आवाज पूर्ण. शेवटच्या वीस सेकंदांत वेळापत्रक फक्त चित्रांनी: जाळी दर दोन-तीन दिवसांनी उघडून धुणे, नळ्यांची टोके दर पंधरा दिवसांनी पाच-पाच उघडणे, खत सोडून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे साधे पाणी. आम्लाला तारीख दिलेली नाही. टोक धुऊनही पेला भरत नसेल आणि टवका लिंबाने फसफसत असेल, तरच.

कन्नड निवेदन लिहायला दिले आहे. त्यात ‘सहा मिली’ हा आकडा या एका विहिरीचा आहे, हे वाक्य मराठीइतकेच ठळक आले आहे ना, ते आवाज चढवण्याआधी तपासायचे. काकांच्या विहिरीत एप्रिलमध्ये बोअरचे पाणी सुटले की बादलीची चाचणी पुन्हा करून तो आकडा वर्णनात जोडायचा आहे.